सायटिकाचे तीन महिने: पायातली कळ, लघवीची धास्ती आणि ऑपरेशनशिवाय बरं होणं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे लिहिलेला आजार माझ्या चुलत भावाचा, दादाचा आहे. वय ४१, केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, घरची थोडी शेती. त्याच्या परवानगीने सगळं तारखांसकट लिहिते आहे, कारण या दुखण्यात कोणत्या दिवशी काय बघायचं, कशाची वाट बघायची आणि कशाची अजिबात बघायची नाही, हे घरातल्यांना कुणी नीट सांगत नाही.

२३ जून २०२४, रविवार. पेरणीची घाई. ट्रॉलीतून डीएपीचं ५० किलोचं पोतं ओढताना दादा कमरेत वाकला, वाकलेलाच डावीकडे वळला आणि कमरेत चमक निघाली. दोन दिवस सगळे उसण भरली म्हणत होते. २६ तारखेला सकाळी मात्र दुखणं कमरेतून निघून पायात उतरलं. डावा कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरी, घोट्याच्या बाहेरून थेट करंगळीपर्यंत. कंबर उलट हलकी वाटायला लागली. शिंक आली की पायात करंट बसायचा. खुर्चीत दहा मिनिटं बसवत नव्हतं, उभं राहिलं की जरा बरं.

दुखणं गुडघ्याच्या खाली गेलं, एकाच पायात आहे आणि खोकल्या-शिंकेने वाढतं, म्हणजे कमरेत नस दाबली गेल्याचा, म्हणजेच सायटिकाचा, संशय पक्का होतो. कोणती नस, हे पायावरची वाट सांगते. पोटरीच्या मागून करंगळीकडे आणि तळपायाच्या बाहेरच्या कडेला कळ गेली तर बहुधा एस-१ ही नस. नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्याकडे गेली तर एल-५. मांडीच्या पुढून गुडघ्याच्या आतल्या बाजूला आली तर त्याहून वरची एल-४. नुसती कंबर आणि कुल्ला दुखत असेल, मांडीच्या मध्यापर्यंतच येत असेल, तर ते बऱ्याचदा सायटिका नसतंच.

ताकद बघायला यंत्र लागत नाही. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच उचलायची. दादाने उजव्या पायावर सलग वीस वेळा टाच उचलली. डाव्यावर अकरा झाल्या आणि बाराव्याला टाच अर्ध्यावरून खाली आली. ही एस-१ ची परीक्षा. एल-५ साठी टाचांवर चालून बघायचं आणि पायाचा अंगठा वर उचलून ठेवायचा, दुसऱ्याने तो बोटाने खाली दाबायचा. दादाचा अंगठा दोन्हीकडे सारखाच घट्ट होता. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले आणि दर तीन-चार दिवसांनी तीच परीक्षा घेतली. दुखणं रोज वरखाली होतं, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ताकदीचा आकडा खरं बोलतो. तो घसरत चालला, पाऊल लोंबायला लागलं, चालताना चप्पल निसटायला लागली, तर सहा आठवडे थांबायचं नसतं, त्याच आठवड्यात सर्जन गाठायचा.

२८ जूनला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासणी फी ४०० रुपये. त्यांनी उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला. डावा पाय साधारण ३५ अंशांवर गेला आणि पोटरीत कळ आली. मग चांगला उजवा पाय उचलला तर त्यानेही डाव्या पायात कळ गेली. ही दुसरी खूण नेहमी सापडत नाही, पण सापडली तर दोन मणक्यांमधली गादीच सरकली आहे याची खात्री बरीच वाढते. घोट्याच्या मागे हातोडी मारल्यावर डाव्या पावलाचा झटका आला नाही. निदान तिथेच झालं, एमआरआय न करता.

वहिनीला ते पटेना. "एवढं दुखतंय अन् फोटो नाही काढायचा?" तिचा प्रश्न रास्त होता. त्याआधी गावातल्या एकाने एक्स-रे काढून मणक्यात गॅप आल्याचं सांगितलं होतं. पण एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, गादी दिसत नाही आणि नसही दिसत नाही. दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली चाळिशीपुढच्या कितीतरी धडधाकट माणसांत दिसते. एमआरआयचंही तसंच, कंबर कधी न दुखलेल्यांच्या फोटोतही फुगलेल्या गाद्या सापडतात. त्यामुळे धोक्याची खूण नसेल तर पहिले सहा आठवडे एमआरआय केल्याने उपचार बदलत नाही, फक्त पैसे जातात आणि भीती वाढते. ऑपरेशन किंवा मणक्यातलं इंजेक्शन ठरवायची वेळ आली की तो लागतोच.

धोक्याच्या खुणांमध्ये आपल्याकडे एक विसरू नये. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं कमरेचं दुखणं असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी आधी. पूर्वी कॅन्सर झालेला, बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेला, उंचावरून पडलेला माणूस असेल तर त्यालाही थांबवून ठेवायचं नाही.

डॉक्टरांनी नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणानंतर आणि सोबत पोटासाठी गोळी, असं दहा दिवस लिहिलं. दादाला बीपी नाही, किडनीचा त्रास नाही, अल्सर नाही, हे विचारूनच. यावर त्याच जातीची दुसरी वेदनाशामक गोळी किंवा गावातलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घ्यायचं नाही, दोन्ही एकाच जातीची औषधं आहेत आणि पोट व किडनी दोन्हीवर भार येतो.

घरातली व्यवस्था मी लावली. पूर्ण झोपून राहणं फार तर एक-दोन दिवस, त्यापुढे झोपून राहिल्याने पाय लवकर बरा होत नाही, स्नायू मात्र ढिले पडतात. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या जोराने अंग वर घ्यायचं. सरळ उठून बसायचं नाही. जेवण पाटावर नाही, खुर्चीत, आणि बसणं वीस मिनिटांच्या आत. संडास भारतीय पद्धतीचा, तिथे उकिडवं बसल्यावर कंबर पूर्ण वाकते, म्हणून मधे भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणली, ९०० रुपये. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथण्याने तीच कळ येते जी खोकल्याने येते. मोटरसायकल बंद. चालणं मात्र चालू, अंगणात पाच-सात मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा, कळ वाढायच्या आत थांबायचं.

व्यायाम पहिल्या दिवसांत एकच. पालथं झोपायचं, दोन-तीन मिनिटं नुसतं. सोसलं तर कोपरांवर टेकून छाती उचलायची, कंबर सैल सोडायची. इथे एक गोष्ट बारकाईने बघायची. कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत अशी वर सरकत असेल तर व्यायाम बरोबर लागू पडतोय, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे जात असेल तर तो व्यायाम त्या माणसासाठी नाही, तिथेच थांबवायचा. दादाची कळ पहिल्या चार दिवसांत जागची हलली नाही, पाचव्या दिवसापासून पालथं झोपल्यावर पाऊल मोकळं व्हायला लागलं. उठून बसला की पुन्हा पावलात.

याच काळात घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. एक काका पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घ्यायला न्यायला निघाले होते. दुसरे कुणी शेजारच्या गावात मणका बसवणाऱ्याकडे. साध्या उसणीत स्नायूच आखडलेला असतो, तिथे अशा झटक्याने नुकसान होईलच असं नाही. पण इथे गादीच्या बाहेरच्या कड्याला चीर पडून आतला मऊ भाग नसेवर आलेला आहे. त्यावर जोरात पिळा किंवा लाथ बसली तर तो भाग आणखी बाहेर येऊ शकतो. काकांना मी एवढंच म्हटलं, "काका, कंबर शेकायची असेल तर रोज शेका, पण दाबायचं नाही अन् पिळायचं नाही." ते दोन संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले, दादालाही बरं वाटलं. शेकल्याने नस सुटत नाही, आखडलेले स्नायू सैल होतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती रात्र.

३ जुलैला झोपच लागत नाही म्हणून दादाने दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ट्रॅमाडॉल आणि रात्रीची प्रिगॅबॅलिन-नॉरट्रिप्टिलिन अशी एकत्र गोळी दिली. आपल्याकडे सायटिकाच्या बऱ्याच चिठ्ठ्यांत ती असते. प्रिगॅबॅलिनची सायटिकावर ऑस्ट्रेलियात नीट चाचणी झाली, २०१७ साली निकाल आला, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा पाय कमी दुखला असं दिसलं नाही. चक्कर मात्र जास्त आली. तर ६ जुलैला रात्री साडेनऊला वहिनीचा फोन आला, "ह्यांना दुपारपासून लघवीला अडतंय, जोर करावा लागतोय."

कमरेच्या आजारात हे वाक्य ऐकलं की बाकी सगळं बाजूला ठेवायचं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली नसांचा झुपका लोंबत असतो. लघवी, संडास, लिंग-योनी आणि दोन्ही पायांकडे जाणाऱ्या नसा त्यातच. सरकलेल्या गादीचा तुकडा मोठा असेल आणि बाजूला न जाता मधोमध आला, तर तो पूर्ण झुपक्यावर दाब देतो. हे फार थोड्या रुग्णांत होतं. पण झालं आणि वेळ गेली तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ऑपरेशन ४८ तासांच्या आत व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. लघवी पूर्ण तुंबण्याआधी दाब निघाला तर ताबा परत येण्याची शक्यता खूप जास्त असते.

फोनवरच चार गोष्टी विचारल्या. लघवी भरल्याची जाणीव होते का? होते. मोटरसायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग, म्हणजे मांड्यांचा आतला वरचा भाग, गुदद्वार आणि त्याच्या आजूबाजूची कातडी, बधिर आहे का? संडासनंतर धुताना पाणी दोन्हीकडे सारखं लागतं का? लागतं. कळ उजव्या पायात सुरू झाली का? नाही. संडास नकळत झाली का? नाही. चारही उत्तरं दिलासा देणारी होती, तरीही त्याच रात्री अंबाजोगाईला निघायचं ठरवलं. सुरुवातीच्या टप्प्यात एखादंच लक्षण असू शकतं, आणि मूत्राशयात किती लघवी उरते हे घरी मोजता येत नाही. बायकांनी आणि मुलींनी हे प्रश्न लाजेने टाळू नयेत म्हणून मी शब्द झाकले नाहीत.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात रात्री अकराला केसपेपर काढला. आधारकार्ड, आधीच्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत होती, पाकिटांचाच पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला. अपघात विभागात गर्दी होती. तिथे "कंबर दुखते" असं सांगितलं तर नंबर मागे जातो. पहिलं वाक्य हे असावं: "दहा दिवस डाव्या पायात सायटिका आहे आणि आज दुपारपासून लघवीला अडतंय." डॉक्टर लगेच उठले. त्यांनी गुदद्वाराभोवती टाचणीने टोचून जाणीव बघितली, दोन्ही पायांची ताकद बघितली. मग लघवी करून यायला सांगितलं आणि सोनोग्राफीवर मूत्राशयात किती उरली ते मोजलं. ७० मिलिलिटर. २०० मिलिलिटरच्या वर उरत असती तर नसांच्या झुपक्यावर दाब असल्याचा संशय बळावला असता. तरीही लक्षण नवं होतं म्हणून त्यांनी एमआरआय सकाळवर ढकलला नाही. तो खासगी सेंटरवर पहाटे झाला, ५,५०० रुपये. आत जाण्याआधी घड्याळ, अंगठी, करदोटा काढावा लागतो. शरीरात पेसमेकर किंवा कुठे धातू असेल तर आधीच सांगायचं. पंचवीस मिनिटं हलायचं नसतं आणि उताणं पडणं हेच दादाला सगळ्यात जड गेलं. गुडघ्यांखाली उशी मागितली तर देतात.

रिपोर्टमध्ये होतं: एल-५ आणि एस-१ या मणक्यांच्या मधली गादी डावीकडे फाटून आतला भाग बाहेर आलेला, डावी एस-१ नस दाबलेली. त्याच्या वर एल-४ आणि एल-५ मधली गादी थोडी फुगलेली. नसांचा झुपका असतो ती मधली जागा मोकळी. पहिली ओळ पायावरच्या वाटेशी तंतोतंत जुळते, म्हणून ती खरी. दुसरी जुळत नाही, तिच्यामुळे काही दुखत नव्हतं. रिपोर्ट असाच वाचायचा, आधी पाय आणि मग कागद. लघवी अडण्याचं कारण गोळ्यांमध्ये निघालं. नॉरट्रिप्टिलिन मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं आणि ट्रॅमाडॉलनेही लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. डॉक्टरांनी दोन्ही बंद केल्या, ८ तारखेला धार पूर्ववत झाली. मात्र हे कारण घरी बसून गृहीत धरायचं नाही. लघवी अडली की आधी रुग्णालय, कारण तिथे शोधायचं.

९ जुलैला स्पाइन सर्जनना सीडी दाखवली. नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, ते स्वतः फोटो बघतात. त्यांनी टाच उचलायला लावली, तेव्हा आकडा बारा होता, म्हणजे घसरण नव्हती. त्यांनी ऑपरेशन आत्ता नको म्हटलं आणि कारणही सांगितलं. गादीचा जो भाग पूर्ण फाटून बाहेर येतो, त्याला शरीर परकं समजतं, पेशी तिथे पोचतात आणि तो हळूहळू खाऊन टाकतात. नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा असा बाहेर पडलेला तुकडा जास्त आक्रसतो. नसेची कळ नुसत्या दाबाने येत नाही, त्या तुकड्याने होणाऱ्या सुजेनेही येते, आणि सूज काही आठवड्यांत उतरते. ऑपरेशनने पाय लवकर मोकळा होतो, पण वर्षभराने ऑपरेशन केलेले आणि न केलेले बहुतेक सारखेच असतात. हॉलंडमधल्या मोठ्या तुलनेत २००७ साली हेच दिसलं होतं. म्हणून ज्याचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत सोसण्याजोगं होत नाही, ज्याची ताकद घसरते किंवा ज्याची लघवी अडते, त्याने ऑपरेशनला बिचकू नये. मधला पर्याय नसेजवळ स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा. आराम मिळाला तर काही आठवड्यांचा, मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते. दादाने तो राखून ठेवला.

रजेचं थोडक्यात. शिक्षकांना वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मिळते. पूर्ण पगार मिळतो, पण जितके दिवस रजा त्याच्या दुप्पट दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून वजा होतात. प्रमाणपत्रावर निदान आणि कालावधी दोन्ही हवेत, आणि हजर होताना तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र वेगळं लागतं. त्यामुळे मूळ केसपेपर कुणाला देऊन टाकू नका. ऑपरेशन ठरलं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, आणि ते भरती होण्याआधी विचारायचं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कळ पावलातून निघून पोटरीत थांबली, महिनाअखेरीस कुल्ल्यापर्यंत वर आली. दादा त्या दिवसांत नाराज होता, कारण कंबर पुन्हा दुखायला लागली होती. "आधी पाय दुखायचा, आता कंबर धरलीय बघ." ही सुधारणा आहे हे त्याला वही दाखवून पटवावं लागलं. पाय उचलणं ३५ वरून ६० अंशांपर्यंत आलं होतं. तेव्हा व्यायाम वाढवले. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. गुडघ्या-हातांवर येऊन समोरचा एक हात आणि मागचा उलट पाय लांब करणं, पाच-पाच सेकंद. नस मोकळी करायला खुर्चीत बसून गुडघा हळू सरळ करायचा, त्याच वेळी मान वर, गुडघा दुमडताना मान खाली. ताण लागायच्या आत परत यायचं, ओढून धरायचं नाही, धरलं की नस चिडते आणि रात्री पाय झोपू देत नाही. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं यावर पैसे खर्च केले नाहीत, त्यांनी गादी जागेवर जात नाही.

१२ ऑगस्टला तो शाळेत हजर झाला, बसने. मोटरसायकल पंधरा दिवस उशिरा, तीही डांबरी रस्त्यावरूनच. वर्गात एक तास बसून आणि एक उभं राहून. शेतात पोतं जमिनीवरून उचलायचं नाही, ट्रॉलीच्या फाळक्यावरून दोघांनी घ्यायचं, वजन पोटाशी धरून, आणि वळायचं असेल तर पाय वळवायचे, कंबर नाही.

सप्टेंबरअखेर तपासलं तेव्हा डाव्या पायावर टाच अठरा वेळा उचलली गेली. करंगळी आणि तळपायाची बाहेरची कड अजून जराशी बधिर आहे, घोट्याचा झटका आलेला नाही. बधिरपणा जायला दुखण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, झटका कधीकधी परत येतच नाही, त्याने चालण्यात फरक पडत नाही. गरम फरशी आणि काटे यांपासून ते पाऊल जपायचं, शेतात अनवाणी जायचं नाही. टाचेची परीक्षा दादा आता स्वतःच घेतो, महिन्यातून एकदा, आकडा त्याच वहीत लिहितो.